मॉलमधलं इनडोअर नेटवर्क: अँटेना मोजण्याआधी सेलच्या हद्दी आखा

शनिवारी संध्याकाळी सात वाजता पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या मॉलच्या फूड कोर्टमध्ये जाऊन उभे राहा. मोबाईलवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरीही काउंटरवर रांग अडलेली असते, कारण यूपीआयचं चक्र फिरतच राहतं. मी पहिल्यांदा एका मॉलचं डिझाईन केलं तेव्हा मला वाटायचं की सिग्नल कमी असला की नेटवर्क चालत नाही. मॉलमध्ये बऱ्याचदा उलटं असतं. सेल म्हणजे एकाच क्रमांकाखाली सिग्नल सोडणारी अँटेना किंवा अँटेनांचा गट. सिग्नल भरपूर असतो, पण तो एकाच वेळी तीन-चार सेलचा असतो आणि ते एकमेकांचा आवाज दाबत असतात.

नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा पुण्याच्या पूर्व भागात एक मॉल आहे. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजला सुमारे ९,६०० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक लाख चौरस फूट. खाली दोन बेसमेंट पार्किंग. मधोमध तळापासून छतापर्यंत मोकळं एट्रियम, त्यावर काचेचं छत. दोन बाजूंना दुकानांच्या दोन विंग. तिसऱ्या मजल्यावर उत्तरेच्या टोकाला, एट्रियमपासून आत वळून, फूड कोर्ट आणि मल्टिप्लेक्सची लॉबी.

१. आधी कागद आणि माणसं जमवा

मोबाईलच्या परवानाधारक बँडवर सिग्नल सोडण्याचा हक्क फक्त टेलिकॉम ऑपरेटरला असतो. मॉलने किंवा आयपी-१ नोंदणी असलेल्या कंपनीने केबल आणि अँटेनाचं जाळं उभं केलं तरी रेडिओ ऑपरेटरचाच लागतो. म्हणून ऑपरेटरची लेखी संमती येण्याआधी एक मीटरही केबल ओढू नका. पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं आणि मुंबई वेगळं सर्कल आहे. मुंबईतल्या ओळखीच्या माणसाने 'हो' म्हटलं म्हणजे पुण्याचं काम मंजूर झालं असं होत नाही. योग्य सर्कलच्या टीमकडूनच पत्र घ्या.

मॉलच्या व्यवस्थापनाला पटवणं आता थोडं सोपं झालं आहे, कारण ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं मानांकन देण्याचे नियम काढले. बैठकीत तो मुद्दा जरूर मांडा.

व्यवस्थापनाकडून एवढं मागून घ्या:

- प्रत्येक मजल्याचे 'अॅज-बिल्ट' नकाशे, ऑटोकॅड फाईलमध्ये. पीडीएफवरून मापं काढू नका.
- इमारतीचे उभे छेद, विशेषतः एट्रियममधून जाणारे. यांची गरज पाचव्या टप्प्यात कळेल.
- फॉल्स सीलिंगचा नकाशा, त्यात कुठे जिप्सम आहे आणि कुठे धातूची जाळी हे लिहिलेला.
- एसी डक्ट, स्प्रिंकलर आणि जेट फॅनचे नकाशे, मुख्यतः बेसमेंटचे.
- इलेक्ट्रिकल शाफ्टमध्ये किती जागा शिल्लक आहे, आणि रेडिओच्या खोलीसाठी वीज, बॅकअप व एसी कुठून मिळेल.
- अग्निसुरक्षेच्या अटी. केबल कमी धुराची आणि हॅलोजनविरहित हवी, आणि शाफ्टमध्ये पाडलेलं प्रत्येक भोक काम संपल्यावर फायर सीलंटने बुजवायला हवं.
- रात्रीच्या कामाचे परवाने. मल्टिप्लेक्सचा शेवटचा शो सुटल्याशिवाय एट्रियममध्ये शिडी लावू देत नाहीत, त्यामुळे हातात रात्रीचे चार-पाच तासच पडतात. वेळापत्रक त्या हिशेबाने करा.

२. फिरून मोजा, दुकानांच्या आतही

सर्व ऑपरेटरांचे बँड एकाच वेळी मोजणारा स्कॅनर असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक ऑपरेटरचं सिम घातलेले टेस्ट फोन घेऊन प्रत्येक मजला पायी फिरा. बाहेरच्या टॉवरचा सिग्नल आत कुठे किती येतो ते नकाशावर उतरवा. कॉरिडॉरमध्ये फिरून समाधान मानू नका. कपड्यांच्या दुकानात सगळ्यात मागे, ट्रायल रूममध्ये जा. तिथले मोठे आरसे मागून धातूच्या लेपाचे असतात आणि सिग्नल परतवतात. बाहेर चांगलं चालणारं नेटवर्क पडद्याआड गेल्यावर का मरतं ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

या फेरीत आणखी एक गोष्ट शोधा: बाजारातून आणून लावलेले सिग्नल बूस्टर. ते बेकायदेशीर आहेतच, शिवाय एका दुकानातला बूस्टर सबंध सेलचा अपलिंक, म्हणजे फोनकडून येणारा सिग्नल, गढूळ करू शकतो. दुकानदाराशी भांडू नका. बिचाऱ्याला कार्ड मशीन चालवायचं असतं. जागा नोंदवा आणि नवं नेटवर्क सुरू व्हायच्या आधी तो काढून घ्यायला व्यवस्थापनाला सांगा.

वरच्या मजल्यांवर काचेजवळ विशेष लक्ष द्या. धातूचा पातळ थर असलेली काच सिग्नल वीस-तीस डीबीने खाली आणते, पण साधी काच तसं करत नाही. तिसऱ्या मजल्यावरून दूरदूरचे टॉवर थेट दिसतात, त्यामुळे फोन कुठल्या तरी लांबच्या टॉवरला चिकटून बसतो. म्हणून लक्ष्य सगळीकडे एकच ठेवून चालत नाही. मी दोन अटी एकत्र लावते: आतल्या सेलचा आरएसआरपी, म्हणजे फोनला मिळणाऱ्या संदर्भ सिग्नलची ताकद, दुकानांच्या भागात किमान उणे ८५ डीबीएम हवा, आणि बाहेरच्या सर्वात जोरदार सेलपेक्षा किमान ८ डीबीने वर हवा. दोन्हींपैकी जी अट कडक असेल ती पाळायची. आपल्या फूड कोर्टच्या काचेजवळ बाहेरचा सिग्नल उणे ७८ मिळाला असं धरा. तिथे लक्ष्य उणे ७० झालं. बेसमेंटमध्ये बाहेरचं काहीच पोचत नाही, तिथे उणे ९५ पुरतं.

३. डॅस की स्मॉल सेल

पॅसिव्ह डॅसमध्ये रेडिओ एका खोलीत असतात. तिथून जाड कोॲक्स केबल, स्प्लिटर आणि कपलर यांच्यातून सिग्नल वाटत वाटत छतावरच्या अँटेनांपर्यंत जातो. मोठा फायदा असा की एकाच जाळ्यावर सगळे ऑपरेटर बसतात. स्मॉल सेल किंवा डिजिटल इनडोअर प्रणालीत छतावर अँटेनाच्या जागी छोटा रेडिओच असतो आणि त्याला कॅट-६ए केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही मिळतात. वाटेत सिग्नल गळत नाही, दोन किंवा चार अँटेनांचा मायमो, म्हणजे एकाच वेळी डेटाचे अनेक प्रवाह, सहज मिळतो. पण बहुतेक वेळा प्रत्येक ऑपरेटरचे डबे वेगळे, आणि तीन ऑपरेटर आले की छत भरून जातं.

निर्णय बहुतेकदा ५जीच्या ३,५०० मेगाहर्ट्झ बँडवर येऊन ठेपतो. १,८०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत तेवढ्याच अंतरावर हवेतली हानी सुमारे ६ डीबी जास्त. चाळीस मीटर अर्धा इंची केबलमध्ये आणखी २ डीबीच्या आसपास. त्यात १०० मेगाहर्ट्झच्या वाहकात तीच शक्ती ३,२७६ उपवाहकांत, म्हणजे वाहकाच्या बारीक पट्ट्यांत, वाटली जाते, तर २० मेगाहर्ट्झच्या ४जीत १,२०० उपवाहकांत. तिथे ४ डीबीपेक्षा थोडे जास्त गेले. एकूण १२ डीबी, म्हणजे सिग्नल सोळाव्या हिश्शावर. ४जीसाठी आखलेल्या कोॲक्सवर ३,५०० चढवून ५जी मिळेल असं कोणी सांगितलं तर हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा.

आपल्या मॉलसाठी मी असं करीन: ४जी सगळीकडे सामायिक पॅसिव्ह डॅसवर, आणि ५जीचे स्मॉल सेल फक्त एट्रियमभोवती व फूड कोर्टमध्ये, जिथे गर्दी खरोखर जमते. दुकानांच्या भागात डॅसच्या दोन समांतर लाईन टाकीन, म्हणजे मायमो मिळेल. बेसमेंटला एक लाईन पुरे.

इथे दोन सापळे आहेत. जुन्या साठ्यातले स्प्लिटर आणि अँटेना २,७०० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतात. ते स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका, ३,८०० पर्यंतचे घ्या. दुसरा सापळा कॅट-६एच्या शंभर मीटरच्या मर्यादेचा. ते अंतर नकाशावरच्या सरळ रेषेचं नसतं. केबल ट्रेमधून वळत, शाफ्टमधून चढत जाते आणि साठ मीटरचं अंतर बघता बघता पंचाण्णववर जातं. टेप घेऊन प्रत्यक्ष मार्ग मोजा.

४. एका अँटेनाचा हिशेब मांडा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा हिशेब हाताने करा, म्हणजे सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर देईल तेव्हा ओळखता येईल. रेडिओची शक्ती २० वॅट, म्हणजे ४३ डीबीएम. २० मेगाहर्ट्झमध्ये १,२०० उपवाहक असल्याने एका उपवाहकाच्या वाट्याला ३०.८ डीबी कमी, म्हणजे १२.२ डीबीएम. आता वाटेतली हानी वजा करत जाऊ. चार ऑपरेटर एकत्र करून चार बाजूंना देणारा कंबायनर ७ डीबी. प्रत्येक बाजूला आठ अँटेना, त्यांची वाटणी १०.५ डीबी. चाळीस मीटर केबल ४ डीबी. जंपर आणि कनेक्टर १ डीबी. अँटेनाचा गेन २ डीबी मिळवला की अँटेनातून बाहेर पडतात साधारण उणे ८ डीबीएम.

उणे ८ पासून उणे ८५ पर्यंत ७७ डीबी हाताशी आहेत. त्यातले ३ फोन धरणाऱ्या शरीराला, ८ सिग्नलच्या चढउताराला, ६ दुकानाच्या काच-जिप्समच्या भिंतीला. उरले ६०. आयटीयूच्या पी.१२३८ या शिफारशीत व्यापारी इमारतींसाठी १,८०० ते २,००० मेगाहर्ट्झला अंतराचा गुणक २२ दिला आहे:

```
PL = 20 log10(f) + 22 log10(d) - 28
f = 1800 MHz, PL = 60 dB  ->  d = 11 m
```

अकरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८० चौरस मीटर, वर्तुळं एकमेकांवर थोडी चढवायची म्हणून ३०० धरा. एका मजल्याला ३२ अँटेना, चार मजल्यांना १२८. कंबायनरच्या चार बाजू आणि प्रत्येकी आठ अँटेना, म्हणजे एका सेलला ३२. अर्थात चार सेल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात सगळं त्याभोवतीच फिरणार आहे.

फूड कोर्टच्या काचेजवळ लक्ष्य उणे ७० आहे आणि मधे भिंत नाही. तिथे साधी गोल अँटेना पुरणार नाही. काचेकडे पाठ करून आत बघणारी ७ डीबी गेनची पॅनेल अँटेना लावा, सुमारे सात मीटरपर्यंत लक्ष्य गाठता येतं. शिवाय तिचा सिग्नल रस्त्यावर सांडत नाही. सांडला तर बाहेर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्यांमधले फोन मॉलच्या सेलला चिकटतात आणि आतल्या गिऱ्हाइकांची क्षमता खातात. दर्शनी भिंतीपासून दहा-पंधरा मीटर बाहेर उभे राहून मोजा. तिथे मॉलचा सेल बाहेरच्या सेलपेक्षा १० डीबीने खाली हवा.

क्षमतेचा हिशेबही लगेच उरकून घ्या. एका ऑपरेटरचे ३,००० फोन आत असतील, दहातला एक एका क्षणी डेटा ओढत असेल आणि प्रत्येकाला सरासरी १ मेगाबिट द्यायचं असेल, तर ३०० मेगाबिट लागतील. सिग्नल स्वच्छ असेल तर २० मेगाहर्ट्झचा एक सेल गर्दीत सरासरी ५० देतो असं धरा. चार सेलवर दोन-दोन वाहक लावले की ४०० होतात. पुरतं. मात्र 'सिग्नल स्वच्छ असेल तर' ही अट त्यात आहे.

५. सेलच्या हद्दी: मजल्यानुसार नाही, उभ्या

चार मजले, चार सेल. प्रत्येक मजल्याला एक सेल द्यावा हा पहिला विचार कुणाच्याही मनात येतो. केबलिंगही सोपं पडतं: शाफ्टमधून मजल्यावर एक फाटा काढला की झालं. मीही पहिल्या मॉलमध्ये हेच केलं होतं. रिकाम्या मॉलमध्ये चाचणी उत्तम झाली. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तक्रारींचा पाऊस पडला, आणि त्या सगळ्या तक्रारी एट्रियमभोवतालच्या होत्या.

पहिल्या मजल्याच्या रेलिंगपाशी उभे राहा आणि वर-खाली बघा. तुमच्या मजल्याची अँटेना तुमच्यापासून आठ मीटरवर आहे. समोर, एट्रियमच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्याची अँटेना चौदा मीटरवर सरळ दिसते. तळमजल्याचीही तितक्याच अंतरावर. दोन मजल्यांमधला काँक्रीटचा स्लॅब सेल वेगळे ठेवतो हा आपला भरवसा असतो, पण एट्रियममध्ये स्लॅबच नाही. आठ आणि चौदा मीटरमधला फरक २२ च्या गुणकाने जेमतेम ५ डीबी भरतो. शेजारचे दोन सेल पूर्ण भाराने चालू झाले की त्यांची बेरीज तुमच्या सिग्नलच्या फक्त सव्वादोन डीबी खाली येते. एसआयएनआर, म्हणजे आपला सिग्नल इतरांच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे ते, दोन डीबी. वीस डीबीला शंभर मेगाबिटच्या घरात देणारा सेल इथे पंधरा-वीसवर येतो, आणि त्यातच सगळी गर्दी वाटणी मागते. आरएसआरपी मात्र उणे ६० ते ७०, म्हणून फोनवर दांड्या भरलेल्या. रिकाम्या मॉलमध्ये शेजारचे सेल जवळजवळ गप्प असतात, त्यामुळे चाचणीत हे दिसलं नव्हतं.

त्या शनिवारी मी टेस्ट फोन हातात धरून एस्कलेटरने तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत गेले. सेलचा क्रमांक नऊ वेळा बदलला. दोनदा तर मी पुढच्या मजल्यावर पोचायच्या आधीच फोन पुढच्या सेलवर जाऊन मागे परतला होता. तेव्हा हद्दी चुकीच्या जागी आखल्याचं लख्ख कळलं.

हद्द तिथेच आखावी जिथे इमारत स्वतः सिग्नल अडवते. आपल्या मॉलमध्ये ती अशी येते. एट्रियम आणि त्याच्या भोवतीची गॅलरी, चारही मजल्यांवरची, मिळून एकच सेल. जे एकमेकांना दिसतं ते एकाच सेलमध्ये. एकाच सेलच्या दोन अँटेना एकमेकींना दिसल्या तर त्या भांडत नाहीत, त्यांचे सिग्नल फोनला एकाच सेलचे म्हणून मिळतात. पूर्वेची विंग, तिचे सगळे मजले, दुसरा सेल. पश्चिमेची विंग तिसरा. तिसऱ्या मजल्यावर आत वळलेलं फूड कोर्ट आणि मल्टिप्लेक्सची लॉबी चौथा. अँटेनांची वाटणी अगदी ३२-३२ येणार नाही, फूड कोर्टला कमी आणि विंगना जास्त येतील. ते चालतं. जिथे जास्त येतील तिथे फाट्यांची हानी पुन्हा मोजा.

एट्रियम आणि विंग यांच्यामधली रेषा कॉरिडॉर जिथे वळतो किंवा एखाद्या मोठ्या दुकानाचं अंग मधे येतं तिथे ठेवा. पाच-सहा पावलांत एक सेल उतरून दुसरा चढला पाहिजे. बिलिंग काउंटर, तिकीट खिडकी आणि एटीएमसमोर रेषा कधीही येऊ देऊ नका. लोक तिथे उभे राहतात आणि फोन दोन सेलमध्ये झुलत राहतो. ही रेषा नकाशावर आणि उभ्या छेदावर, दोन्हीकडे काढा. उभ्या छेदावर अँटेनापासून अँटेनापर्यंत पट्टीने रेघ ओढून बघा. रेघ मोकळ्या हवेतून गेली आणि दोन अँटेना वेगवेगळ्या सेलच्या असल्या, की तिथे लाल खूण.

कोणी विचारेल, एट्रियमचा एकच सेल गर्दीत कमी पडेल ना? पडू शकतो. पण तो सेल फोडून दोन केले तर दोन्ही एकमेकांना मारतील आणि बेरीज वाढणार नाही. तिथे वाहक वाढवा. ५जीचे स्मॉल सेल एट्रियमभोवती ठेवण्याचं कारणही हेच: ते वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतात आणि नव्या फोनची गर्दी उचलून घेतात.

डॅसमध्ये ही आखणी केबलमध्येच घडवावी लागते, नंतर बदलणं म्हणजे शाफ्टमध्ये रात्री घालवणं. आम्हाला तशा तीन रात्री लागल्या. स्मॉल सेलमध्ये कुठला रेडिओ कुठल्या सेलचा हे सॉफ्टवेअरमधून ठरतं, ती मोठी सोय आहे. पण एट्रियमचा नियम तिथेही तोच. मजल्यानुसार गट केले तर तिथेही हाच गोंधळ होईल.

शेजारच्या सेलना पीसीआय, म्हणजे सेलचा ओळखक्रमांक, देताना तीनने भागून येणारी बाकी वेगळी ठेवा, नाहीतर त्यांचे संदर्भ सिग्नल एकाच जागी आदळतात. एट्रियमच्या सेलला बाकी तिन्ही सेल लागून आहेत, म्हणून त्याची बाकी बाकीच्या तिघांपेक्षा वेगळी असलीच पाहिजे. पूर्व आणि पश्चिम विंग एकमेकींना दिसत नाहीत, त्यांची सारखी झाली तरी चालेल.

६. दारं, रॅम्प आणि लिफ्ट

मुख्य दारातून माणूस चालत येतो, त्यामुळे बाहेरच्या सेलवरून आतल्या सेलवर जायला फोनला चार-पाच मीटरचा पट्टा पुरतो. बेसमेंटच्या रॅम्पवर गाडी ताशी पंधरा-वीस किलोमीटरने उतरते, सेकंदाला पाचेक मीटर, आणि वळण घेतलं की बाहेरचा सिग्नल झटक्यात वीस डीबीने पडतो. म्हणून बेसमेंटची पहिली अँटेना रॅम्पच्या तोंडाशी हवी, म्हणजे दोन्ही सेल दहा-पंधरा मीटर एकत्र ऐकू येतात. ती आत खांबाआड लावली की प्रत्येक गाडीतला कॉल तिथे तुटतो. बेसमेंटमध्ये अँटेना डक्टच्या खालच्या पातळीवर टांगा. डक्टच्या वर लपवलेली अँटेना दिसायला नीट असते, पण पत्र्याआड असते.

लिफ्टचा डबा म्हणजे पत्र्याची पेटी. प्रत्येक मजल्याच्या लिफ्ट लॉबीत दारासमोर अँटेना ठेवा आणि एका लिफ्टच्या सगळ्या मजल्यांच्या लॉबी एकाच सेलवर घ्या. उभ्या हद्दींमुळे हे आपोआप जमतं. बेसमेंटच्या लिफ्ट लॉबीही त्याच सेलवर घ्या आणि हद्द लॉबीच्या दारापाशी, पार्किंगच्या बाजूला ठेवा.

७. बसवताना: पिमचा त्रास

अनेक ऑपरेटर एकाच केबलवर आले की त्यांचे जोरदार सिग्नल सैल किंवा गंजलेल्या सांध्यात मिसळतात आणि नवी फ्रिक्वेन्सी तयार होते. यालाच पिम म्हणतात. १,८०० बँडमध्ये डाउनलिंक १,८०५ ते १,८८० मेगाहर्ट्झ आहे. दुप्पट १,८०५ वजा १,८८० म्हणजे १,७३०, आणि हा आकडा थेट १,७१० ते १,७८५ या अपलिंकमध्ये पडतो. म्हणजे आपणच सोडलेला सिग्नल फोनकडून येणाऱ्या क्षीण आवाजावर बसतो.

ओळखायचं कसं? अपलिंकचा गोंगाट तासागणिक बघा. शांत सेलमध्ये तो एका रिसोर्स ब्लॉकमागे उणे ११८ डीबीएमच्या आसपास असतो. संध्याकाळी गर्दीबरोबर तो उणे १०५ पर्यंत चढत असेल आणि मॉल बंद झाल्यावर उतरत असेल तर पिमचा संशय घ्या. चोवीस तास एकसारखा चढलेला असेल तर आधी बूस्टर शोधा.

एका रात्री आमची एक लाईन पिमच्या चाचणीत वारंवार नापास होत होती. सगळे कनेक्टर उघडून पुन्हा बसवले, फरक नाही. शेवटी आमच्या रिगरने अँटेना हाताने धरून फूटभर बाजूला नेली आणि मीटरवरचा आकडा वीस डीबीने खाली आला. "मॅडम, वर बघा," तो म्हणाला. अँटेनाच्या अगदी वर स्प्रिंकलरच्या पाइपाला गंजलेला पत्र्याचा क्लॅम्प होता. दोष लाईनमध्ये नव्हताच. तेव्हापासून मी अँटेनाच्या आसपास अर्धा-एक मीटरमध्ये गंजका किंवा सैल धातू राहू देत नाही.

प्रत्येक कनेक्टर टॉर्क पान्यानेच आवळा, उत्पादकाने दिलेल्या आकड्याला. कापलेल्या केबलच्या तोंडावरचा तांब्याचा चुरा ब्रशने साफ करा. चाचणी चालू असताना प्रत्येक सांध्यावर पान्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलकं ठोका. नुसता पास झालेला सांधा ठोकल्यावर उसळला तर तो सहा महिन्यांत बिघडणार. व्हीएसडब्ल्यूआरची चाचणी पास झाली म्हणून पिमची टाळू नका. पहिली तुटकी केबल दाखवते, सैल सांधा बहुतेक वेळा दाखवत नाही.

८. स्वीकृती शनिवारी संध्याकाळी करा

मंगळवारी सकाळी घेतलेली चाचणी मी पूर्ण मानत नाही. तीन गोष्टी गर्दीत मोजा: प्रत्येक मजल्यावर, रेलिंगपासून दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत, एसआयएनआर, एस्कलेटरने वर जाऊन खाली येताना सेल किती वेळा बदलतो, आणि चारही सेलचा अपलिंक गोंगाट. एट्रियमच्या एस्कलेटरवर एकदाही बदल व्हायला नको, कारण सबंध एस्कलेटर एकाच सेलमध्ये आहे. झाला तर कुठली तरी विंगची अँटेना एट्रियममध्ये डोकावते आहे. ती कोणती हे सेलच्या क्रमांकावरून आणि उभ्या छेदावरून दहा मिनिटांत सापडतं.

शेवटी 'अॅज-बिल्ट' फाईल मॉलच्या फॅसिलिटी मॅनेजरकडे द्या: प्रत्येक अँटेनाचा क्रमांक, तिचा फोटो, ती कुठल्या सेलची, केबलची लांबी, पिमचा आकडा. सोबत एक पानाची सूचना जोडा आणि ती नव्या दुकानदारांच्या फिट-आउट परवान्याला लावायला सांगा: इंटिरिअरच्या कामात अँटेना हलवायची नाही, रंगवायची नाही, तिच्याखाली धातूच्या जाळीचं सीलिंग घ्यायचं नाही. दुकान बदललं की त्या भागात पुन्हा एकदा फिरून मोजा.